मित्राचे वडील गेले आणि पन्नास शब्दांचा एक मेसेज लिहायचा होता : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे नात्यातल्या आणि ओळखीतल्या लोकांची सवय झालीये की काहीही लिहिलं की पाठवण्याआधी माझ्याकडे टाकायचं. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेचं भाषण, काहीही. पण हे प्रकरण वेगळं होतं म्हणून पूर्ण लिहून ठेवतेय. माझ्या मावसबहिणीची आणि ज्याच्या घरी हे घडलं त्या मित्राची परवानगी घेतलीये, नावं आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

बहीण आणि तिचा हा मित्र कॉलेजपासूनचे. आता दोघं एकाच ऑफिसात आहेत, एकाच टीममध्ये. कॉलेजात असताना त्याच्या घरी रात्री उशिरापर्यंत अभ्यास चालायचा त्यामुळे त्याच्या वडिलांना ती चांगली ओळखायची, काका म्हणायची. काका आठ महिने आजारी होते. एक दिवस सकाळी सात वाजता ग्रुपवर मेसेज आला की ते गेले.

साडेसातपर्यंत त्या ग्रुपवर तीसेक मेसेज पडले होते आणि त्यातले बहुतेक सगळे एकाच साच्यातले, दोन-तीन तर शब्दाला शब्द तेच, वरच्याचं कॉपी करून खाली टाकलेलं. बहिणीला तिथे लिहायचं नव्हतं, त्याला एकट्याला लिहायचं होतं. आठ वाजता तिने मला ड्राफ्ट पाठवला, खाली लिहिलं होतं, "ताई, फक्त शुद्धलेखन बघ, घाईत लिहिलंय, काही चुकीचं जायला नको."

पहिला ड्राफ्ट

तिच्या परवानगीने तो जसाच्या तसा देते :

> अरे आत्ताच ग्रुपवर वाचलं, तुझ्या वडीलांचे दुखःद निधन झाले. खूप मोठा धक्का बसला, माझा तर विश्वासच बसत नाहीये. काका खूप चांगले होते. पण निदान त्यांचा त्रास तरी संपला असं समज. तुला काय वाटत असेल ते मी समजू शकते, माझे आजोबा गेले तेव्हा माझं पण असंच झालं होतं. आता खचून जाऊ नकोस, स्ट्राँग रहा, आईला सांभाळ, आता तूच त्यांचा आधार आहेस. काही लागलं तर कधीही सांग. ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो व आपल्या कुटुंबियांना हे दुखः सहन करण्याची शक्ती मिळो हिच ईश्वर चरणी प्रार्थना. भावपूर्ण श्रध्दांजली.

अडचण नेमकी काय होती

तिने शुद्धलेखन बघ म्हटलं होतं म्हणून आधी तेच बघितलं, आणि खरं सांगते, ते दहा मिनिटांत झालं असतं. पण बघता बघता लक्षात आलं की चुका दुरुस्त करून हा मेसेज परत पाठवला तर तो शुद्ध होईल आणि तरी त्याला टोचेल. म्हणजे दोन वेगळी कामं होती आणि ती एकमेकांत अडकलेली होती.

आधी शुद्धलेखनाचं सांगते. "वडीलांचे" हे चूक, "वडिलांचे" हवं. शब्दाला प्रत्यय लागताना शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ ई ऱ्हस्व होते, गरीब-गरिबाला तसं वडील-वडिलांना. पण याच मेसेजमध्ये "कुटुंबियांना" लिहिलंय आणि तिथे उलटं आहे, "कुटुंबीयांना" असं दीर्घ हवं, कारण कुटुंबीय हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, आणि अशा शब्दांतली दीर्घ ई प्रत्यय लागला तरी दीर्घच राहते, शरीर-शरीराला तशी. शोकसंदेशात हे दोन्ही शब्द जवळजवळ नेहमी येतात आणि दोन्हींचा नियम उलटा, म्हणून लोकांचं हमखास एक तरी चुकतं. एक बरोबर लिहायला शिकले की त्याच जोरावर दुसरं चुकवतात.

मग "दुखः". विसर्ग दु नंतर येतो, ख नंतर नाही. दुःख, दुःखद. विसर्गाच्या जागी कोलन टाकतात तेही चूकच, मोबाइलवर दिसायला सारखं दिसतं पण ते विरामचिन्ह आहे. आणि दुखणं, दुखावणं, दुखवटा यांत विसर्ग मुळात नाहीच, त्यामुळे तिथे मुद्दाम घालू नये. "हिच" नाही "हीच". "ईश्वर चरणी" नाही, "ईश्वरचरणी", एक शब्द. "रहा" नाही "राहा". "श्रध्दांजली"त जोडाक्षर उलटं झालंय, आधी अर्धा द मग पूर्ण ध, श्रद्धा-शुद्ध-सिद्ध सगळीकडे तसंच.

म्हणजे सात प्रकारच्या चुका, एका छोट्या मेसेजमध्ये. पण यातली एकही चूक त्या मित्राला त्या दिवशी दिसली नसती. तो वडिलांना गमावून बसलेला माणूस, तो विसर्ग बघणार नाही. एक गोष्ट मात्र त्याला नकळत जाणवली असती आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटली. मेसेजची सुरुवात बघा, "आत्ताच वाचलं", बोलल्यासारखं. लगेच पुढे "निधन झाले", छापल्यासारखं. मग परत "झालं होतं", "समजू शकते", "काही लागलं तर". आणि शेवटी एकदम "आत्म्यास", "देवो व", "आपल्या कुटुंबियांना". आयुष्यभर ज्याला अरे-तुरे केलं त्याचं घर एका वाक्यात "आपले कुटुंबीय" झालं. जिथे "झालं"चं "झाले" होतं आणि "ला"चं "स" होतं तिथे दुसऱ्याचा मजकूर सुरू होतो, हे मी रोजच्या कामात बघते. वाचणाऱ्याला त्याची व्याकरणातली कारणं माहीत नसतात पण कान ओळखतो की इथे ही बोलायची थांबली आणि कुठूनतरी उचललेलं आलं. बोलीतलं "झालं, केलं" लिहिण्यात काही कमीपणा नाही, संवाद लिहिताना हे रूप नियमांनाही मान्य आहे, आणि मित्राला पाठवलेला मेसेज संवादच आहे. फक्त एक धरलं की शेवटपर्यंत तेच धरायचं.

शब्द कुठे टोचत होते

मी तिला फोन केला. म्हटलं, शुद्धलेखन मी करून देते पण त्याआधी एक कर, या मेसेजमध्ये तू त्याला किती कामं सांगितलीयस ती मोज. ती गप्प झाली आणि मग मोजायला लागली. असं समज. खचून जाऊ नकोस. स्ट्राँग राहा. आईला सांभाळ. कधीही सांग. पाच. सकाळी सात वाजता ज्याचे वडील गेलेत त्याला साडेआठच्या आत पाच आज्ञा. म्हणणारीच्या मनात माया होती यात शंकाच नाही, पण क्रियापदांची रूपं सगळी आज्ञार्थी आहेत.

त्यातली "काही लागलं तर सांग" ही सगळ्यात चांगली वाटते आणि तीच सगळ्यात अवघड आहे. कारण त्यात त्याला आधी विचार करावा लागतो की मला काय लागतंय, मग हे हिला सांगण्यासारखं आहे का, मग तिला मेसेज करायचा. एवढं कोणी करत नाही. तीस जणांनी त्या दिवशी त्याला हे म्हटलं असेल आणि त्याने कोणालाही काही सांगितलं नसेल.

"त्रास तरी संपला" यावर आमचं थोडं जमलं नाही. ती म्हणाली, ताई, खरंच खूप त्रास होत होता काकांना, त्यालाही तसंच वाटत असणार. मी म्हटलं असेल, पण ते त्याने म्हणायचं. तो म्हणाला की सुटले ते, तर आपण हो म्हणायचं. आपण आधी म्हटलं तर आपण त्याच्या दुःखाला हिशोब लावल्यासारखं होतं, एवढं गेलं पण एवढं वाचलं. "निदान" आणि "तरी" हे दोन शब्द शोकसंदेशात आले की समजायचं काहीतरी तोलायला घेतलंय. तिला पटलं, ते वाक्य गेलं.

"समजू शकते" आणि आजोबांचं वाक्य, दोन्ही गेली. आजोबांबद्दल तिला वाईट वाटलं, कारण ते खोटं नव्हतं. पण त्या वाक्यात वाचणाऱ्याचं लक्ष वडिलांवरून तिच्या आजोबांकडे जातं. मेसेजमधली "मी, मला, माझा" मोजली तर धक्का तिला बसलेला, विश्वास तिचा बसत नव्हता, समजत तिला होतं आणि आजोबा तिचे. काकांबद्दल एकच वाक्य होतं, "काका खूप चांगले होते", आणि ते कोणाच्याही काकांबद्दल चाललं असतं.

आणि "होते". याच्यावर आम्ही बराच वेळ घालवला. काल रात्रीपर्यंत जो माणूस "आहे" होता त्याला सकाळी "होते" म्हणणं व्याकरणाने बरोबर आहे, पण पहिल्या दिवशी ते वाचणं जड जातं. दुसऱ्या बाजूला, मुद्दाम "आहेत" म्हणत राहणं हेही खोटं. मराठीत याच्यातून एक चांगली वाट आहे. माणसाबद्दल विधान करण्याऐवजी आठवण सांगायची आणि क्रियापद आठवण्याचं ठेवायचं, "आठवतंय". आणि त्यांनी जे केलं ते "म्हणायचे, बसायचे, विचारायचे" या रूपात. ते भूतकाळाचंच रूप आहे पण सवयीचं, त्यात माणूस काहीतरी करताना दिसतो. "चांगले होते" यात तो संपलेला असतो.

कोणते पर्याय होते

पर्याय तसे चार होते. पहिला म्हणजे तिचा शेवटचा भाग, ईश्वर-आत्मा-प्रार्थना, शुद्ध करून तेवढाच पाठवणं. यात चूक काही नाही. पुष्कळ लोकांना हेच शब्द ऐकायला बरे वाटतात कारण ते ओळखीचे असतात, आणि लांबची ओळख असेल तर ठरलेले शब्दच वापरावेत असं माझंही मत आहे. ते शुद्ध असं : "ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो व कुटुंबीयांना हे दुःख सहन करण्याचे बळ देवो, हीच प्रार्थना." मूळ वाक्यात "ईश्वर देवो" आणि पुढे "शक्ती मिळो" असा कर्ता मध्येच बदलला होता आणि ईश्वर दोनदा आला होता, तेवढं नीट केलं. पण तिने स्वतःच सांगितलं की तो मित्र देवाधर्माचं मानत नाही, काका तर त्याहून नाही. मग आत्म्यास शांती हे कोणासाठी लिहायचं? तो पर्याय तिथेच सुटला.

"श्रद्धांजली"चंही तसंच. श्रद्धांजली आपण गेलेल्या माणसाला वाहतो. हा मेसेज वाचणार होता तो मागे राहिलेला माणूस. त्याला जे द्यायचं ते सांत्वन किंवा सहवेदना. ग्रुपवर काकांच्या फोटोखाली श्रद्धांजली लिहिणं बरोबर, त्याच्या इनबॉक्समध्ये ती पत्ता चुकल्यासारखी जाते. जाता जाता, बरेच जण "संवेदना व्यक्त करतो" लिहितात, तो हिंदीचा परिणाम, मराठीत संवेदना म्हणजे जाणीव, आपल्याला म्हणायचं असतं सहवेदना.

दुसरा पर्याय फोनचा. तिला वाटत होतं मेसेज कोरडा वाटेल, फोन करावा. मी विचारलं, आत्ता या वेळी फोन उचलून तो काय करेल? सगळ्यांना तेच तेच परत सांगेल, कधी, कसं, किती वाजता. मेसेज त्याला हवा तेव्हा वाचता येतो. फोन नंतर करायचा ठरला, पण कधी करणार ते मेसेजमध्येच लिहायचं.

तिसरा पर्याय म्हणजे आज काहीच न लिहिणं आणि चार दिवस थांबून लिहिणं. हा वाईट नाही, पण ते एकाच टीममध्ये आहेत, गप्प राहिलेलं दिसलं असतं. चौथा पर्याय, छोटा, तिच्याच शब्दांत लिहिलेला. तोच घेतला.

काय केलं

मी तिला म्हटलं, तो ड्राफ्ट बाजूला ठेव आणि मला काकांबद्दल एक गोष्ट सांग. ती म्हणाली, काय सांगू, चांगले होते. म्हटलं, नाही, तू त्यांच्या घरून निघालीयस, रात्रीचे साडेअकरा, ते कुठेयत? आणि मग ती बोलायला लागली. ते दाराशी येऊन म्हणायचे "पोचलीस की रिंग दे". ती घरी पोचून एक रिंग द्यायची आणि कट करायची. एकदा विसरली तर बाराला त्यांचाच फोन आला. म्हणजे ते जागेच होते. हे सांगताना तिला रडू आलं, आणि मी तेवढा वेळ गप्प बसले.

मग तिने लिहिलं, "अरे काका गेल्याचं आत्ताच कळलं." इथे पहिल्या शब्दांचा प्रश्न आला. "निधन झालं" हे मित्राशी बोलताना परकं वाटतं. "वारले" हे तिसऱ्या माणसाला सांगताना ठीक, ज्याचे वडील त्यालाच म्हणताना नाही. "एक्सपायर झाले", "ऑफ झाले" हे सर्रास बोललं जातं पण लिहिलेलं बघितलं की फार निर्दय दिसतं. "गेले" हा शब्द मऊ आहे, आणि तोच तिने घेतला होता. पण मला वाटलं की जी बातमी त्याच्याच घरातली आहे ती आपण त्याला परत का ऐकवायची? त्याला माहीत आहे. आपल्याला फक्त एवढंच सांगायचंय की मलाही कळलं. म्हणून "काकांबद्दल कळलं". बद्दल जोडून लिहायचं, "काकां बद्दल" असं तोडून नाही, फोनचा कीबोर्ड हे हमखास तोडतो.

दुसरा ड्राफ्ट असा झाला की सुरुवातीला "आत्ताच कळलं" आणि पुढे "सकाळपासून तेच आठवतंय". दोन्ही एकत्र बसत नाहीत. आत्ताच कळलं तर सकाळपासून कसं आठवेल. अशी विसंगती माझ्या नजरेतूनही आधी सुटली होती, मोठ्याने वाचल्यावर सापडली. म्हणून सांगते, असा मेसेज एकदा तरी मोठ्याने वाचावा, कान जे पकडतो ते डोळा पकडत नाही.

आदरार्थी रूपांवरही एकदा नजर फिरवली. काका म्हटलं की "म्हणायचे, राहायचे", त्यात एखादं "म्हणायचा" चुकून आलं तर काळजाला लागेल. मित्राला सगळीकडे तू. "तुमच्याकडून निघताना" यातलं "तुमच्या" म्हणजे तुमच्या घरून, ते बरोबर आहे, तिथे "तू" आणि "तुम्ही" मिसळलेले नाहीत.

मग कामाची गोष्ट. "काही लागलं तर सांग" काढलं तर त्या जागी काय? तिला त्याचं काय माहीत होतं तर ऑफिस. तिने लिहिलं, "ऑफिसचं मी बघते, तू टेन्शन घेऊ नकोस." मी विचारलं, बघते म्हणजे काय करणार? ती म्हणाली सरांना कळवेन. म्हटलं आधी कळव, मग लिही "कळवलंय". "कळवते" वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात ते काम अजून उघडं राहतं, "कळवलंय" वाचलं की बंद होतं. तिने तिथल्या तिथे सरांना फोन केला, आणि मग वाक्य लिहिलं.

शेवटचं वाक्य होतं "रिप्लाय देऊ नकोस". हेतू चांगला, पण परत आज्ञा, आणि थोडं तोडून टाकल्यासारखं. ते आम्ही "उत्तर नाही दिलंस तरी चालेल" केलं. मराठीतलं हे "तरी चालेल" फार उपयोगी आहे, ते सूट देतं, काही मागत नाही.

सव्वानऊला हे गेलं :

> अरे, काकांबद्दल सकाळी कळलं. रात्री तुमच्याकडून निघताना "पोचलीस की रिंग दे" म्हणायचे आणि रिंग येईपर्यंत जागे राहायचे, तेव्हापासून तेच आठवतंय. ऑफिसमध्ये सरांना मी कळवलंय, तुझी या आठवड्याची कामं मी बघतेय. रविवारी फोन करते, नाही उचललास तरी चालेल, मी परत करेन. याला उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

"चालेल" दोनदा आलंय. मुद्रितशोधक म्हणून माझा हात तिथे गेला होता, एक बदलून "घाई नाही" करावं असं वाटलं. पण ती तशीच बोलते, ठेवलं.

पुढे काय झालं

त्या दिवशी उत्तर आलं नाही. निळ्या टिका दिसल्या, एवढंच. बहिणीने मला दोनदा विचारलं की काही चुकलं का, मी म्हटलं आपणच लिहिलंय ना नाही दिलंस तरी चालेल, मग चालू दे. रविवारी फोन केला, उचलला नाही. मंगळवारी परत केला, तेव्हा चार मिनिटं बोलला. आणि सहाव्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला. त्याने लिहिलं होतं की रिंगचं आईला वाचून दाखवलं, आई म्हणाली हो, फोन उशाशी घेऊन झोपायचे, मला वाटायचं घड्याळ बघायला घेतात. म्हणजे त्यांच्या घरातली एक गोष्ट त्यांना बाहेरून कळली. बहिणीने मला तो मेसेज पुढे पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं.

पण सगळं नीट झालं असं नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी ऑफिसातून त्या मित्राला एकाने फोन केला, एका फाइलचा पासवर्ड हवा होता. सरांना रजेचं कळलं होतं, पण टीममधल्या बाकीच्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं की त्याच्या कामासाठी आता हिला विचारायचं. आणि त्या फाइलचा पासवर्ड हिच्याकडे होताच कुठे? त्याने फोन घेतला, पासवर्ड सांगितला, काही बोलला नाही. हिला हे संध्याकाळी कळलं आणि ती फार अस्वस्थ झाली. "तुझी कामं मी बघतेय" हे वाक्य त्याने वाचलं होतं ना.

काय वेगळं करता आलं असतं

ही चूक माझीही आहे. "कळवलंय"वर मी अडून बसले, तिच्याकडून फोन करवून घेतला, आणि त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे व्याकरण बरोबर आहे म्हणून बघितलंच नाही. "बघतेय" हे चालू वर्तमानाचं रूप, चालू असल्याचं सांगतं, आणि तेव्हा काहीच चालू नव्हतं. आज लिहायचं झालं तर ते वाक्य मी असं ठेवेन : "सरांना मी कळवलंय. टीमला सांगितलंय की आठवडाभर तुला कोणी फोन करायचा नाही, माझ्याकडे यायचं." आणि ते अर्थातच टीमला सांगून झाल्यावर. अर्धा तास उशीर झाला असता तरी काही बिघडलं नसतं, सव्वानऊच्या ऐवजी पावणेदहा.

दुसरं असं की आम्ही पहिल्या मेसेजवर सव्वा तास घालवला आणि नंतरचा विचारच केला नाही. पहिल्या दिवशी त्याला किती मेसेज आले असतील, पण पंधरा दिवसांनी फोन शांत झाला असेल, तेव्हाचा मेसेज आम्ही ठरवलाच नव्हता. रविवारचा फोन लिहिला होता म्हणून झाला, पुढचं काही लिहिलं नव्हतं म्हणून राहिलं. तो ऑफिसला यायला लागल्यावर तर सगळे जण जणू काही झालंच नाही असे वागत होते, कारण कोणालाच कळत नव्हतं विषय काढावा की नाही.

"काका" या शब्दाबद्दलही मला नंतर शंका आली. त्याला सख्खे काकाही आहेत. तिचा आणि त्याचा इतक्या वर्षांचा संबंध म्हणून "काका" म्हणजे त्याचे बाबा हे त्याला लगेच कळलं, पण ओळख कमी असती तर "तुझ्या बाबांबद्दल" लिहिणं जास्त बरं. तो त्यांना "बाबा" म्हणतो हे माहीत असेल तर बाबा, "पप्पा" म्हणत असेल तर पप्पा. वडील हा शब्द फॉर्मवर लिहायचा, घरात त्या नावाने कोणी हाक मारत नाही.

आणि आजोबांचं वाक्य. ते काढलं ते पहिल्या दिवशी योग्यच होतं असं मला अजून वाटतं, पण महिन्याभराने तो स्वतः तिला म्हणाला, तुझे आजोबा गेले तेव्हा तुला कधी बरं वाटायला लागलं गं? तेव्हा तिने सगळं सांगितलं, अर्धा तास बोलत होते. त्याने विचारल्यावर त्या गोष्टीला जागा मिळाली.

दोन महिन्यांनी तिने त्याला अजून एक मेसेज केला, तो मला आधी दाखवला नव्हता, नंतर दाखवला. "आज रात्री घरी पोचल्यावर हात फोनकडे गेला, रिंग द्यायला. काकां बद्दल बोलावंसं वाटलं तर मी आहे." "काकां बद्दल" तोडूनच लिहिलं होतं. मी ते तिला सांगितलं नाही. त्याचं उत्तर त्याखालीच होतं, चार मिनिटांत आलेलं, "मला दे रिंग."